‘नक्की किती वाजता पोहोचणार?’ : टीम लीडना खुलं पत्र

प्रिय टीम लीड,

स.न.वि.वि.

हे पत्र माझ्या टीम लीडना उद्देशून आहे. पण आपल्या टीममधला कुणी गाडीने येत असेल आणि ‘ट्रेन लेट आहे, उशीर होईल’ असा मेसेज आल्यावर आपल्या कपाळाला आठी पडत असेल, तर ते तुम्हालाही आहे असं समजा. समोरासमोर बोलून पाहिलं. ‘नियम सगळ्यांना सारखा’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून उघडपणे लिहितो आहे.

नियम नवा आहे. उशीर होणार असेल तर शिफ्ट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ग्रुपवर मेसेज हवा. त्यात पोहोचण्याची एकच, नेमकी वेळ हवी. सोबत स्टेशनवरच्या इंडिकेटरचा फोटो हवा. यातलं एक जरी चुकलं, तर उशिराचा एक लेट मार्क आणि ‘नीट न कळवल्याचा’ दुसरा. गेल्या आठवड्यात मला एकाच सकाळी दोन्ही मिळाले. उशिराचा मान्य आहे, मी उशिराच आलो होतो. दुसरा मान्य नाही, आणि का नाही ते सांगायचं तर ती सकाळ मिनिटामिनिटाने उलगडावी लागेल.

माझी शिफ्ट ९:३० ला सुरू होते. रात्रपाळीची सहकारी तेव्हा सुटते; ती मला हँडओव्हर देते आणि घरी जाते. माझी पहिली गाडी जंक्शनला ८:५८ ला येते. तिथून दुसरी गाडी ९:०६ ची, पुढची ९:२६ ची, मग ९:४६ ची, दर वीस मिनिटांनी एक. दुसऱ्या गाडीत दहा मिनिटं, उतरल्यावर चालत आठ. म्हणजे रोज मी ९:२४ ला दारात असतो. जंक्शनला पूल चढून फलाट बदलायला तीन मिनिटं लागतात. हातात आठ मिनिटं, त्यातली तीन पुलाला गेली, उरली पाच.

आता गाडी उशिरा आली की काय होतं ते बघा. पाच मिनिटांपर्यंतचा उशीर तुम्हाला कळतसुद्धा नाही. मी ९:२४ लाच हजर. सहा मिनिटांचा झाला की ९:०६ ची सुटते आणि मी ९:४४ ला पोहोचतो. उशीर दहा मिनिटांचा असो, सतराचा असो की पंचवीसचा, मी ९:४४ लाच येणार. सव्विसावं मिनिट लागलं की एकदम १०:०४. मधल्या वेळा अस्तित्वातच नाहीत. ९:५० ला मी पोहोचूच शकत नाही, कारण ९:५० ला पोहोचवणारी गाडी नाही.

माझं सगळं म्हणणं याच जिन्यावर उभं आहे. तुम्हाला वाटतं, गाडी दहा मिनिटं लेट म्हणजे माणूस दहा मिनिटं लेट. गाडी बदलून येणाऱ्याचा उशीर असा उतारावरून घरंगळत येत नाही, तो पायऱ्यांनी येतो. एका मिनिटाने वीस मिनिटं जातात आणि पुढची एकोणीस मिनिटं फुकट मिळतात. त्यामुळे गाडी रुळावर उभी असताना ‘नक्की किती वाजता?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘९:४४ किंवा १०:०४’ असं असतं. हे उत्तर टाळाटाळ वाटत असेल, पण त्याहून नेमकं उत्तर त्या क्षणी कुणाकडेच नसतं. मोटरमनकडेही नसतं. पुढच्या सेक्शनमध्ये दुसरी गाडी आहे म्हणून सिग्नल लाल आहे, एवढंच त्याला दिसतं. ती गाडी का अडली आहे आणि कधी हलेल हे त्याला कंट्रोलकडून कळलं तर कळलं.

त्या दिवशी गाडी ८:४१ ला थांबली. तोवर अगदी वेळेवर होती. दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती, म्हणजे आमच्या भाषेत कटिंग. थांबल्याबरोबर मी काही कळवलं नाही, कारण गाड्या दोन-तीन मिनिटं थांबतातच. प्रत्येक थांब्याला मेसेज टाकला तर तुम्हीच मला ग्रुपमधून काढाल. ८:४७ ला सहा मिनिटं पूर्ण झाली. वेळापत्रकात थोडी ढील असते, गाडी कधीकधी एखाद-दोन मिनिटं भरून काढते, पण जंक्शन इतकं जवळ आल्यावर त्या भरवशावर राहता येत नाही. ९:०६ ची गेली असं मी धरलं. आता कळवण्यासारखं काहीतरी होतं. ८:४८ ला मी ग्रुपवर मेसेज लिहिला आणि पाठवला.

तो गेला नाही. मेसेजखाली घड्याळाचं चिन्ह फिरत राहिलं.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. डबा धातूचा. वातानुकूलित डबा असेल तर उन्हासाठी काचांवर अनेकदा धातूचा पातळ थर असतो, तोही सिग्नल अडवतो. वर कटिंग. आणि गाडी थांबली की शेकडो माणसं एकाच क्षणी फोन काढतात. सगळ्यांची धाव त्याच एका टॉवरकडे. फोनवर एखादी कांडी दिसते, पण डेटा हलत नाही. अशा वेळी साधा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो, कारण तो अगदी छोटा असतो आणि नेटवर्कच्या सिग्नलिंगच्या वाटेने जातो, व्हिडिओ आणि फोटोंच्या गर्दीत त्याला उभं राहावं लागत नाही. कांडीच नसेल तर तोही जात नाही, हे खरं. माझ्या फोनवर एक कांडी होती. ८:५१ ला मी तुमच्या नंबरवर हा एसएमएस पाठवला:

गाडी ८:४१पासून उभी. येईन ९:४४ किंवा १०:०४. ९:१०ला कळवतो. हँडओव्हर घ्या

शेवटी पूर्णविराम नाही, ते घाईमुळे नव्हे. देवनागरीतला एसएमएस एका तुकड्यात सत्तर चिन्हांचा असतो. इंग्रजी अक्षरांत एकशे साठ मावतात, आपल्याला सत्तर, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, मोकळी जागा सगळं वेगळं मोजलं जातं. ‘घ्या’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, फोनला ती चार चिन्हं आहेत. सत्तरच्या वर एक जरी गेलं की मेसेजचे दोन तुकडे होतात, आणि नेटवर्क लंगडत असताना एक तुकडा पोहोचून दुसरा अडकू शकतो. वरचा मेसेज बरोबर सत्तर चिन्हांचा आहे. पूर्णविराम दिला असता तर एकाहत्तर झाली असती. (हो, मी मोजली होती. उभ्या गाडीत दुसरं करायचं तरी काय?)

त्या सत्तर चिन्हांत काय आहे ते बघा. कधीपासून अडकलो, पोहोचण्याच्या शक्य तेवढ्या दोन वेळा, पुढची खबर कधी, आणि तुमच्याकडून काय हवं. ‘सॉरी’ नाही, ‘प्लीज समजून घ्या’ नाही, सिग्नलचं पुराण नाही. ते नंतर चहाला सांगता येतं. ९:१० ही वेळसुद्धा उगाच नव्हती. थांबून सव्वीस मिनिटं झाली की ९:०७ वाजतात. तोवर गाडी हलली नाही तर ९:२६ ची गाडीही गेली, हे पक्कं. ९:१० ला मला दोनपैकी एक पायरी खोडता आली असती किंवा निदान कुठली जास्त शक्य आहे ते सांगता आलं असतं. त्याआधी मला कितीही वेळा विचारलं असतंत तरी उत्तर बदललं नसतं.

गाडी ९:०२ ला हलली. कटिंगच्या बाहेर आल्यावर ९:०३ ला घड्याळ जाऊन टिक आली. ग्रुपवरचा मेसेज तेव्हा निघाला. पुढे लगेच तुमचं: ‘नक्की वेळ?’ मग ‘एक वेळ सांगा.’ मग ‘फोटो?’ मग नुसतं प्रश्नचिन्ह. ९:१० ला कबूल केल्याप्रमाणे मी लिहिलं की गाडी चालू आहे, बहुधा ९:४४, पण ९:२६ ची चुकली तर १०:०४. ‘बहुधा’ लिहिलं, कारण थांबलेली गाडी हलली म्हणजे सुटली असं नाही. पुढची गाडी अजून पुढेच असते, पिवळ्या सिग्नलवर हिची गती कमी ठेवावी लागते, आणि उशीर वाढत राहतो. एकवीस मिनिटं गेलीच होती, आणखी तीन गेली. जंक्शनला ९:२२. पूल पळत ओलांडला तेव्हा हातात एक मिनिट होतं. ९:४४ ला मी खाली दारात होतो, ९:४५ ला जागेवर.

माझी पहिली तक्रार इथे आहे. मेसेज ९:०३ ला आला म्हणजे अर्ध्या तासाची मुदत हुकली, असं तुम्ही धरलंत. ८:५१ चा एसएमएस तुमच्या फोनवर होता. तुम्ही तो वाचलाही होता, कारण नंतर मला सांगितलंत, ‘एसएमएस धरत नाही, ग्रुपवरचाच धरतो.’ म्हणजे खबर तुम्हाला एकोणचाळीस मिनिटं आधी मिळाली आणि शिक्षा मात्र न मिळाल्याची झाली. मुदतीची कल्पना मला चुकीची वाटत नाही. पण ती खबर कधी पाठवली, यावर मोजा; कुठल्या खिडकीतून आली, यावर नको. आणि दुसरी गाडी ९:१० ला मध्येच थांबली असती तर? नऊच्या आत कळवण्यासाठी मला भविष्य दिसायला हवं होतं. ‘कळल्यापासून दहा मिनिटांत’ अशी मुदत ठेवली तर ती पाळता येईल आणि तपासताही येईल.

दुसरी तक्रार एकाच वेळेच्या हट्टाची. या हट्टाने काय होतं ते तुम्हालाही दिसत असेल. टीममधला जो तो आता सगळ्यात उशिराची वेळ लिहितो. वेळ चुकली तर दुसरा लेट मार्क, मग धोका का घ्या? त्या सकाळी मी ‘१०:०४’ एवढंच लिहिलं असतं तर नियमात बसलं असतं, वर वीस मिनिटं लवकर आलो म्हणून शाबासकीही मिळाली असती. काही जण उलट करतात: ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ असं लिहितात, मग पुन्हा पाच, मग पुन्हा पाच. ‘निघालोय’ हा शब्द आपल्याकडे अंघोळीला जातानाही वापरला जातो, हे मी नाकारत नाही. पण असे मेसेज वाढले आहेत ते नियम आल्यानंतर.

तिसरी फोटोची. हिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी असताना इंडिकेटर कुठून आणू? आणि स्टेशनवर असलो तरी गर्दीच्या फलाटावर फोन वर धरून फोटो काढत उभं राहणं हा पुरावा देण्याचा मार्ग नव्हे. शिवाय इंडिकेटर उशिराचा आकडा दाखवतो तिथेही तो आकडा बहुतेक वेळा गाडी मागच्या नोंदीच्या ठिकाणी किती मागे होती तेवढंच सांगतो, पुढे काय होईल ते नाही. पुरावाच हवा असेल तर जपानचं उदाहरण आहे: तिथल्या रेल्वे कंपन्या गाडी उशिरा आली की प्रवाशांना उशिराचा दाखला देतात, काही कंपन्या तो संकेतस्थळावरही ठेवतात. माणूस पोहोचल्यावर शांतपणे तो पाहता येतो. पण दाखल्यालाही मर्यादा आहे. जर्मनीत गाडी सहा मिनिटांपेक्षा कमी उशिराने आली तर ती रेल्वेच्या आकडेवारीत वेळेवरच धरली जाते. माझ्या पाच मिनिटांच्या फटीत साडेपाच मिनिटांचा उशीर बसत नाही. म्हणजे त्या हिशेबाने गाडी वेळेवर आणि मी वीस मिनिटं मागे. कागद मागाल तर कागदावर मी खोटा ठरेन.

चौथी तक्रार खरं तर माझी नाहीच, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली आहे. माझ्या एसएमएसमधले शेवटचे दोन शब्द होते ‘हँडओव्हर घ्या’. खबर देण्याचं कारणच ते होतं. ८:५१ ते ९:३० या वेळात तुम्ही स्वतः हँडओव्हर घेऊ शकला असता, किंवा आधीच आलेल्या दोघांपैकी कुणाला सांगू शकला असता. रात्रपाळीच्या सहकारीला निदान ‘तो ९:४४ च्या आधी येत नाही’ एवढं कळलं असतं. त्या तासाभरात ग्रुपवर तुमचे चार मेसेज आले, चारही मला. तिला एकही नाही. ती ९:३० पासून बॅग भरून बसली होती. मी आल्यावर हँडओव्हरला पंधरा मिनिटं लागली, ती दहाला बाहेर पडली. तिची गाडी चुकली. तिच्या मार्गावर पुढची गाडी तासाने आहे. तिच्या उशिराची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही, कारण घरी उशिरा पोहोचण्याला लेट मार्क नसतो.

चूक माझीही होती. मी तिला वेगळा एसएमएस करायला हवा होता. दुसरे सत्तर. मी धरून चाललो की तुम्ही सांगाल. पुन्हा तसं धरणार नाही.

आता मागण्या.

उशिराची खबर ग्रुप, एसएमएस किंवा फोन, कशानेही आली तरी धरावी, आणि वेळ पाठवल्याची धरावी. फोनच हवा असा आग्रह मात्र नको. भरलेल्या डब्यात आवाज तुटतो, आणि बोललेलं दुसऱ्याला पुढे पाठवता येत नाही.

पोहोचण्याच्या दोन वेळा चालाव्यात, सोबत पुढची खबर कधी ते लिहिलेलं असेल तर. त्या वेळेपर्यंत कुणी विचारू नये. त्या वेळेला खबर आली नाही तर खुशाल विचारा, आणि तो लेट मार्कही खुशाल लावा.

फोटो बंद करावा. शंका असेल तर पोहोचल्यावर बोलावं.

मेसेजला उत्तर म्हणून तुमच्याकडून एकच गोष्ट यावी: हँडओव्हर कोण घेणार त्याचं नाव. ‘ओके’ नको, अंगठा नको. नाव आलं की मलाही धावायचं कारण उरत नाही, आणि रात्रपाळीला घरी जाता येतं.

माझ्या बाजूने काय, हेही लिहितो. टीममधले गाडी बदलून येणारे आम्ही चौघे आहोत. आम्ही आपापल्या पायऱ्या लिहून तुम्हाला देतो: पहिल्या गाडीला किती मिनिटं उशीर झाला की आम्ही किती वाजता पोहोचतो. प्रत्येकाच्या तीन-चार ओळी होतील. तुमच्याकडे तो कागद असेल तर ‘गाडी ८:४१पासून उभी’ एवढ्यावरून तुम्हीच ओळखाल की ८:४७ ला काय होणार आणि ९:०७ ला काय. आणि माझी तीच गाडी एका आठवड्यात तीनदा पाचाहून जास्त मिनिटं रखडली, तर तो अपघात राहत नाही. मी आधीची गाडी पकडेन, ती वीस मिनिटं आधी निघते आणि मला झोपेतली तेवढी मिनिटं सोडावी लागतील. त्याआधी मात्र नाही.

दुसरा लेट मार्क काढावा ही विनंती वेगळी करत नाही. ८:५१ चा एसएमएस तुमच्या फोनमध्ये अजून असेल. तो उघडून बघा आणि ठरवा.

उद्याही मी त्याच गाडीत असेन. माझ्या पायऱ्यांचा कागद या पत्रासोबत तुमच्या टेबलावर ठेवला आहे. उरलेल्या तिघांचे शुक्रवारपर्यंत देतो.

आपला,
सकाळच्या शिफ्टमधला एक जण